बेरीज शून्य का येते? वेबपेजवरून उचललेलं टेबल एक्सेलमध्ये साफ करताना

आमच्या सोसायटीचे खजिनदार काका मागच्या एप्रिलमध्ये वार्षिक हिशोब जुळवत बसले होते, बँकेच्या नेटबँकिंगच्या पानावरून सगळं स्टेटमेंट सिलेक्ट करून त्यांनी एक्सेलमध्ये पेस्ट केलं, जमा रकमांच्या कॉलमखाली बेरीज टाकली आणि उत्तर आलं शून्य. मला फोन आला, "अगं, सगळे आकडे डोळ्यांना दिसतायत आणि बेरीज शून्य कशी येतेय? दोन तास झाले." मी गेले वर, आणि त्या संध्याकाळी जे जे केलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात आणि दर वेळी अर्धंच सांगून होतं.

आधी हे समजून घ्या की एक्सेलच्या एका सेलमध्ये आकडा असतो किंवा मजकूर असतो, दोन्ही दिसायला अगदी सारखे दिसू शकतात. वेबपेजवर जे `₹ 2,450.00` दिसतं ते ब्राउझरच्या लेखी नुसती अक्षरं असतात, रुपयाचं चिन्ह, मग एक मोकळी जागा, मग दोन, मग स्वल्पविराम, असं एकापुढे एक. पेस्ट करताना एक्सेल प्रयत्न करतं की बाबा याचा आकडा होतोय का, आणि जरा काही अनोळखी सापडलं की सोडून देतं आणि ते जसंच्या तसं मजकूर म्हणून ठेवतं. आणि `SUM` ला रेंजमध्ये मजकूर दिसला तर ते कुरकुर करत नाही, एरर देत नाही, गपचूप तो सेल वगळतं. सगळेच सेल मजकूर असतील तर बेरीज शून्य.

खरं सांगायचं तर शून्य आलं तर नशीब समजायचं, कारण चुकलंय हे लगेच कळतं. वाईट प्रकार म्हणजे निम्मे सेल आकडे झालेत आणि निम्मे मजकूर राहिलेत, तेव्हा बेरीज काहीतरी येते, दिसायला बरी वाटते आणि ती चुकीची असते. म्हणून बेरीज बघायच्या आधी मोजणी बघायची. `COUNT` फक्त आकडे मोजतं आणि `COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतं, म्हणून शिल्लक बाकी दाखवणाऱ्या कॉलमवर, हेडिंग सोडून, हे दोन्ही टाका, दोन्हीचं उत्तर सारखं यायला पाहिजे. काकांच्या शीटमध्ये `COUNT` शून्य होतं. फॉर्म्युला न लिहिताही कळतं, कॉलम सिलेक्ट केला की खालच्या पट्टीवर फक्त Count दिसतो, Sum दिसतच नाही. आणि आकडे सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेले असतील तर ती पण खूण, कारण खरा आकडा आपणहून उजवीकडे जातो (कोणी मुद्दाम अलाइनमेंट बदललं नसेल तर).

काकांनी तोवर एक उपाय करून बघितला होता, जो बहुतेक सगळेच करतात, म्हणजे कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट Number केला. त्याने काही होत नाही. फॉरमॅट म्हणजे आकड्याला घातलेले कपडे, आत आकडाच नसेल तर कपडे बदलून काय उपयोग.

आता स्टेटमेंट बघू. खरं स्टेटमेंट दीडशेच्या आसपास ओळींचं होतं, मी इथे समजायला सहा ओळी घेतेय, रकमा सोप्या केल्यात पण भानगडी सगळ्या त्याच आहेत. तारीख A कॉलममध्ये, तपशील B, खर्च C, जमा D आणि बाकी E, पहिल्या ओळीत हेडिंग, त्यामुळे मागील बाकी दुसऱ्या ओळीत येते.

```
      | मागील बाकी       |             |              | ₹ 1,08,312.50 Cr
03/04 | मेंटेनन्स         | -           | ₹ 2,450.00   | ₹ 1,10,762.50 Cr
05/04 | वीजबिल          | ₹ 18,640.00 | -            | ₹ 92,122.50 Cr
07/04 | लिफ्ट, तिमाही     | ₹ 12,500.00 | -            | ₹ 79,622.50 Cr
09/04 | मेंटेनन्स, 3 महिने  | -           | ₹ 7,350.00   | ₹ 86,972.50 Cr
10/04 | चेक परत 000127   | -           | (₹ 2,450.00) | ₹ 84,522.50 Cr
```

पहिली भानगड ती जी दिसतच नाही. D3 मध्ये `₹ 2,450.00` आहे, बोटाने मोजलं तर रुपयाचं चिन्ह आणि मोकळी जागा धरून दहा अक्षरं होतात. मी बाजूला `=LEN(D3)` टाकलं तर उत्तर आलं 11. म्हणजे शेवटी काहीतरी एक अक्षर आहे जे डोळ्यांना दिसत नाहीये. मग `=UNICODE(RIGHT(D3,1))` टाकलं, म्हणजे शेवटच्या अक्षराचा नंबर काय ते सांग, तर आलं 160. आणि चिन्हानंतरच्या मोकळ्या जागेचा नंबर विचारला, `=UNICODE(MID(D3,2,1))`, तर तिथेही 160.

हा 160 म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस. आपण कीबोर्डवर जो स्पेसबार दाबतो त्याचा नंबर 32, आणि हा वेगळा. वेबपेज बनवणारे हा मुद्दाम टाकतात, म्हणजे मग अरुंद स्क्रीनवर `₹` एका ओळीत आणि रक्कम पुढच्या ओळीत असं तुटत नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण एक्सेलचं `TRIM` फक्त 32 नंबरचे स्पेस काढतं आणि `CLEAN` फक्त 0 ते 31 नंबरची जुनी कंट्रोल अक्षरं काढतं, म्हणून दोन्ही लावून झाले तरी 160 तिथेच बसलेला असतो, आणि माणूस म्हणतो मी तर TRIM केलं होतं की. आकडा होत नसेल आणि कारण कळत नसेल तर सगळ्यात आधी `LEN` बघा, माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा हाच सापडतो.

मग आता काढायचं काय काय? रुपयाचं चिन्ह, 160 वाला स्पेस, साधा स्पेस आणि स्वल्पविराम. इथे दोन रस्ते आहेत. एक `Ctrl+H` चा, म्हणजे Find and Replace, स्वल्पविराम शोध आणि त्या जागी काही नको. पटकन होतं, पण सिलेक्शन न करता केलंत तर अख्ख्या शीटवर फिरतं, `लिफ्ट, तिमाही` मधला स्वल्पविराम पण जातो, आणि मुख्य म्हणजे मूळ मजकूर हातातून गेला, नंतर काही चुकलंय असं वाटलं तर तपासायला काही उरत नाही. म्हणून मी फॉर्म्युल्याचा रस्ता घेते, मूळ कॉलमला हातच लावायचा नाही आणि साफ केलेलं बाजूला आणायचं. G2 मध्ये हे टाकलं:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,"₹",""),UNICHAR(160),"")," ",""),",","")
```

लांबलचक दिसतंय पण वाचायला सोपं आहे, आतून बाहेर वाचायचं. C2 घ्या, त्यातलं `₹` काढा, जे उरलं त्यातला 160 काढा, मग साधा स्पेस, मग स्वल्पविराम. हेच उजवीकडे I पर्यंत ओढलं की C, D, E तिन्ही कॉलम साफ होतात, आणि खाली ओढलं की सगळ्या ओळी. पण लक्षात ठेवा, हे अजून मजकूरच आहे, फक्त स्वच्छ मजकूर. D3 चा झाला `2450.00`, D7 चा झाला `(2450.00)`, आणि रिकाम्या ठिकाणी `-` राहिला.

आकडा करायचं काम मी वेगळ्या कॉलममध्ये करते, एकाच फॉर्म्युल्यात सगळं कोंबत नाही, कारण मग कुठे अडकलं ते बघता येतं. J2 मध्ये:

```
=IF(OR(G2="",G2="-"),0,VALUE(G2))
```

म्हणजे रिकामं असेल किंवा नुसती रेघ असेल तर शून्य, नाहीतर आकडा कर. हे K पर्यंत ओढायचं. बाकीचा कॉलम जरा वेगळा, त्याच्या शेवटी `Cr` आहे, आणि खातं कधी ओव्हरड्राफ्टमध्ये गेलं तर तिथे `Dr` येतो म्हणजे बाकी उणे. ते चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर उणे बाकी अधिक होते, म्हणून आधी वाचायचं आणि मग काढायचं. L2 मध्ये:

```
=IF(RIGHT(I2,2)="Dr",-1,1)*VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(I2,"Cr",""),"Dr",""))
```

तुमची बँक कॅपिटलमध्ये `CR` लिहीत असेल तर फॉर्म्युल्यातही तसंच लिहा, `SUBSTITUTE` ला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं.

इथे कळकळीने एक सांगते, यांच्याभोवती `IFERROR(...,0)` गुंडाळू नका. सगळीकडे तो सल्ला मिळतो, शीट छान दिसते, लाल-पिवळं काही नाही. पण `#VALUE!` हा तुमच्या बाजूचा माणूस आहे, तो सांगतोय की या सेलमध्ये तुला माहीत नसलेलं काहीतरी आहे, मला आकडा करता आला नाही. त्याच्या जागी शून्य टाकलं की अठरा हजारांचं वीजबिल हिशोबातून गायब होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. शून्य कुठे म्हणायचं ते आपण ठरवायचं, रिकाम्याला आणि रेघेला, बस्स, बाकी सगळ्याला एररच येऊ द्या. काकांच्या शीटमध्ये असे तीन सेल निघाले, त्यात रिकाम्याची खूण म्हणून साध्या `-` ऐवजी लांब डॅश होता, तो `OR` मध्ये वाढवला की झालं.

आता कंसाकडे येऊ, कारण काकांचा हिशोब खरा तिथेच फसला होता. हिशोबात कंस म्हणजे उणे, हे खजिनदाराला सांगायला नको. कोणाचा तरी मेंटेनन्सचा चेक परत आला म्हणून बँकेने ती रक्कम जमेच्याच कॉलममध्ये कंसात दाखवली होती. एक्सेलचं `VALUE` हे समजतं, `(2450.00)` दिलं की -2450 देतं. पण मी यायच्या आधी काकांच्या पुतण्याने हेच स्टेटमेंट गूगल शीट्समध्ये टाकून दुसरी एक युक्ती लावली होती, जी फार लोकप्रिय आहे:

```
=VALUE(REGEXREPLACE(D7,"[^0-9.]",""))
```

म्हणजे अंक आणि टिंब सोडून बाकी जे काही असेल ते उडव. एका फटक्यात चिन्ह, स्पेस, स्वल्पविराम सगळं साफ, 160 ची पण कटकट नाही. पण त्यात कंस पण उडाला, आणि उणे २,४५० चे अधिक २,४५० झाले. एरर नाही, काही नाही, व्यवस्थित आकडा. जमा रकमांची बेरीज ७,३५० यायला हवी (२,४५० अधिक ७,३५० वजा २,४५०), ती आली १२,२५०. कागदावर बघून कोणाला शंका येणार? दीडशे ओळींमध्ये तर नाहीच.

हे सापडलं कसं ते सांगते, कारण मला वाटतं साफसफाईपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बँक स्टेटमेंटची एक मोठी सोय म्हणजे त्यात उत्तर आधीच छापलेलं असतं. मागची बाकी अधिक जमा वजा खर्च बरोबर आत्ताची बाकी, प्रत्येक ओळीला. म्हणजे आपण केलेले आकडे बरोबर आहेत का हे बँकेच्याच आकड्यांना विचारायचं. M3 मध्ये हे टाकून खाली ओढायचं:

```
=ROUND(L2+K3-J3-L3,2)
```

सगळीकडे शून्य आलं तर साफसफाई बरोबर. जिथे शून्य नाही तिथे चूक त्याच ओळीत किंवा तिच्या वरच्या ओळीच्या बाकीत, दुसरीकडे शोधायची गरजच नाही. `ROUND` यासाठी की पैशांची वजाबाकी करताना एक्सेल कधीकधी शून्याऐवजी काहीतरी भलतंच बारीक, अकराव्या-बाराव्या दशांश स्थानावरचं उरलंसुरलं दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो. आणि हो, काही बँका नवीन व्यवहार वर दाखवतात, तसं असेल तर आधी ओळी उलट करून घ्या. उलट करताना तारखेवर सॉर्ट करू नका, एकाच दिवशी तीन व्यवहार असले की त्यांचा क्रम राहत नाही, त्याऐवजी बाजूला 1, 2, 3 असे नंबर देऊन त्या नंबरांवर उतरत्या क्रमाने सॉर्ट करा.

पुतण्याच्या आकड्यांवर हे लावलं तर १० एप्रिलच्या ओळीत ४,९०० आले, बाकी सगळीकडे शून्य. आता ४,९०० ही रक्कम स्टेटमेंटमध्ये कुठेच नाही. पण तिचं निम्मं २,४५० आहे. काकांनी हे माझ्या आधी ओळखलं, म्हणाले, "निम्मी रक्कम सापडतेय म्हणजे अधिक-उण्याची चूक." हातावर खतावण्या लिहिणाऱ्या लोकांची ही जुनी खूण आहे, उणे धरायची रक्कम अधिक धरली की फरक बरोबर दुप्पट येतो, कारण वजा व्हायची ती झाली नाही आणि वर आणखी मिळवली गेली. कंप्युटरवरही ती तितकीच चालते.

असाच उणेचा दुसरा घोळ म्हणजे काही वेबपेजवर वजाबाकीचं चिन्ह कीबोर्डवरचं नसतं, छपाईतलं असतं, दिसायला जरासं लांब, नंबर 8722. एक्सेल त्याला उणे म्हणून ओळखेलच याची खात्री नाही, म्हणून अजून एक `SUBSTITUTE` वाढवून `UNICHAR(8722)` च्या जागी साधा `-` घालायचा. काढून टाकायचा नाही, बदलायचा.

बँकेचं झालं, पण त्याच संध्याकाळी काकांनी दुसरं एक टेबल दाखवलं, लिफ्टच्या सुट्या भागांच्या दरांचं, एका कंपनीच्या पानावरून उचललेलं. तिथे छापलेली बाकी वगैरे काही नाही, म्हणून तिथे जास्त जपायला लागतं, आणि तिथे दोन सापळे होते.

एक म्हणजे `Rs.850/-`. हे आपण पिढ्यानपिढ्या असंच लिहितो. यातून `Rs` काढला, `/-` काढलं, उरलं काय? `.850`. ते टिंब `Rs.` मधलं होतं, पण आता ते दशांश चिन्ह झालं आणि साडेआठशे रुपयांचे पंच्याऐंशी पैसे झाले. पुतण्याच्या युक्तीतही हेच होतं, कारण तिथे टिंब मुद्दाम ठेवलेलं आहे. सेलचा फॉरमॅट दशांश न दाखवणारा असेल तर ते 1 दिसतं, आणि `Rs.12,500/-` चं तर 0.125 होऊन 0 दिसतं. म्हणून काढताना `Rs.` टिंबासकट काढायचं, आणि मग कोणीतरी टिंब न लावता लिहिलं असेल म्हणून त्यानंतर नुसता `Rs`, या क्रमानेच. उलट क्रमाने केलंत तर टिंब मागे राहतं.

दुसरा सापळा मला त्या दिवशी खरंच भीती घालून गेला. एका ओळीत दर होता `12,5001`. मूळ पानावर जाऊन बघितलं तर दर १२,५०० होता आणि त्याच्या डोक्यावर बारीक 1 होता, म्हणजे खाली तळटीप आहे, कर वेगळा वगैरे. कॉपी-पेस्टमध्ये तो बारीक 1 खाली उतरून आकड्याला चिकटला. आता आपण स्वल्पविराम काढला असता तर झाले असते १,२५,००१ आणि ते बघून कोणालाही चुकलंय असं वाटलं नसतं, लिफ्टचा भाग आहे, असेल सव्वा लाखाला. चूक दिसली ती स्वल्पविरामामुळे, कारण शेवटच्या स्वल्पविरामानंतर तीनच अंक असायला हवेत, आपल्याकडच्या लाख-कोटीच्या पद्धतीत पण आणि बाहेरच्या मिलियनच्या पद्धतीत पण. म्हणून स्वल्पविराम काढायच्या आधी त्याला साक्षीला बोलवायचं. पैसे नसलेल्या, हजाराच्या वरच्या रकमांसाठी, चिन्ह आणि स्पेस काढून झाल्यावर पण स्वल्पविराम असतानाच:

```
=MID(G2,LEN(G2)-3,1)=","
```

म्हणजे शेवटून चौथं अक्षर स्वल्पविराम आहे का. `12,500` ला TRUE येतं, `12,5001` ला FALSE. FALSE आलेल्या ओळी मूळ पानाशी ताडून बघायच्या, दुसरा उपाय नाही, कारण `12,5001` मधला कुठला अंक परका आहे हे एक्सेल कसं सांगणार.

याच कारणाने ज्यांचं युरोपातल्या पानांशी काम पडतं त्यांनी तर स्वल्पविराम डोळे झाकून काढूच नये. जर्मनीत `1.234,56` असं लिहितात, टिंब हजाराला आणि स्वल्पविराम दशांशाला, तिथे `12,50` मधला स्वल्पविराम उडवला की साडेबारा युरोचे साडेबाराशे होतात. त्यासाठी एक्सेलमध्ये वेगळं फंक्शन आहे ज्याला दशांश चिन्ह कुठलं आणि हजाराचं कुठलं हे आपण सांगतो, `=NUMBERVALUE("1.234,56",",",".")`, उत्तर 1234.56.

एक राहिलं, ते पेस्ट करतानाचं. चेक नंबर किंवा खाते नंबर वेगळ्या कॉलममध्ये येत असेल तर पेस्ट करायच्या आधी तो कॉलम Text करून ठेवा आणि पेस्ट करताना फक्त मजकूर पेस्ट करा, म्हणजे पानाचं फॉरमॅटिंग येत नाही. नाहीतर तिथे उलटाच प्रकार होतो, जो मजकूर राहायला हवा त्याचा एक्सेल आकडा करतं, `000127` चा 127 होतो, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असतील तर सोळाव्यापासून पुढचे सगळे शून्य होऊन बसतात. ते अंक परत मिळत नाहीत, पुन्हा पेस्टच करावं लागतं.

काकांना मी शेवटी दोन शीट करून दिल्या. पहिलीत फक्त पेस्ट करायचं, काही म्हणजे काही बदलायचं नाही. दुसरीत सगळे फॉर्म्युले, जे पहिलीतून वाचतात. M कॉलमच्या वर एका सेलमध्ये `=COUNTIF(M3:M400,"<>0")-COUNTBLANK(M3:M400)` आहे, शून्य नसलेल्या ओळी किती ते सांगणारं, कारण `"<>0"` रिकाम्या सेलनाही मोजतं म्हणून ते वजा करावे लागतात. रुपयाचं चिन्ह परत हवं होतं त्यांना, ते आता फॉरमॅटमधून लावलंय, दिसतं पण सेलच्या आत जात नाही. मे महिन्याचं स्टेटमेंट त्यांनी स्वतःच टाकलं, वरच्या सेलमध्ये 1 आला, M मध्ये बघितलं तर एका ओळीत `#VALUE!`. बँकेने त्या ओळीतल्या खर्चाच्या रकमेत `₹` ऐवजी `INR` लिहिलं होतं. त्यांनी G च्या फॉर्म्युल्यात अजून एक `SUBSTITUTE` वाढवला आणि मला मेसेज केला, "झालं, 0 आला."